हजेरी घेणारी पेटी

दुपारचे अडीच वाजले की वसतिगृहाच्या तळमजल्यावरची लाल पेटी ओरडू लागायची. आगीची घंटा नव्हे, नुसता बारीक बजर आणि एक पिवळा दिवा. दिव्याखाली लिहिलेलं असायचं, ‘झोन ३ – फॉल्ट’. झोन ३ म्हणजे तिसरा मजला, सगळ्यात वरचा. तिथल्या खोल्या, बोळ आणि अडगळीची जागा धरून धुराचे २० डिटेक्टर एका वायरच्या जोडीवर ओवलेले. त्यातला नेमका कोणता बिघडला हे पेटी सांगत नव्हती, कारण ते तिला माहीतच नव्हतं. मग आम्ही शिडी घेऊन वर जायचो. चार वाजले की फॉल्ट आपोआप जायचा आणि आम्ही हात हलवत परत यायचो. बिघाड सापडायला चार दुपारी लागल्या.

काही वर्षांनी त्याच इमारतीत नवी पेटी बसली. एक दिवस तिनेही दुपारी असाच आवाज केला. पण तिच्या छोट्या पडद्यावर दोन ओळी होत्या:

```
LOOP 1 ADDR 047 NO RESPONSE
3RD FLR LINEN STORE
```

तिसरा मजला, चादरींची खोली. मी सरळ तिथे गेलो, डिटेक्टर काढला, बेस पाहिला, बदलला. खाली उतरलो तेव्हा पेटी शांत होती. या कामात इतकी वर्षं काढूनही त्या दोन ओळींचं नवल मला अजून वाटतं. इमारतभर पसरलेल्या शंभरेक उपकरणांना वायरी दोनच. तारेवर कुठेही खूण नाही की गाठ नाही. मग सत्तेचाळीसावा गप्प आहे हे खालच्या पेटीला कळलं कसं?

आधी जुन्या पेटीचं पाहू, कारण तिचीही युक्ती देखणी आहे. झोनच्या दोन वायरींवर पेटी साधारण २४ व्होल्ट सोडते. डिटेक्टर एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये एक छोटासा रेझिस्टर बसवलेला असतो. कामगार त्याला ‘एंड ऑफ लाइन’ म्हणतात. तो ४.७ किलोओहमचा असेल, तर त्यातून पाच मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह सतत वाहतो. शांत बसलेला प्रत्येक डिटेक्टर अगदी थोडा प्रवाह घेतो, धरून चालू की ०.०५ मिलिअँपियर. वीस डिटेक्टरांचा मिळून एक. म्हणजे सगळं ठीक असताना पेटीला दिसतो एकूण सहा मिलिअँपियरचा प्रवाह. तिच्या दृष्टीने तिसरा मजला म्हणजे हा एकच आकडा.

आता धूर आला तर? ज्या डिटेक्टरमध्ये धूर शिरतो तो स्वतःच निर्णय घेतो आणि दोन वायरींमध्ये एक वाट मोकळी करून देतो. प्रवाह एकदम काही पटींनी वाढतो. पेटीला तो वाढलेला दिसतो आणि ती घंटा वाजवते. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर प्रवाह त्याहून कितीतरी वर जातो, तेव्हा पेटी म्हणते शॉर्ट. आणि वायर कुठे तुटली, एखादा डिटेक्टर कुणी काढून घेतला, तर शेवटच्या रेझिस्टरपर्यंत प्रवाह पोहोचतच नाही. सहाचा आकडा एकच्या खाली येतो. पेटी म्हणते फॉल्ट. एका आकड्यावरून आग, शॉर्ट आणि तुटलेली वायर असा तिन्हींचा भेद करायचा, हे ज्याला प्रथम सुचलं त्याचं कौतुकच केलं पाहिजे.

पण आकडा एकच आहे. आमच्या त्या दुपारी पेटीला ०.७ मिलिअँपियर दिसत होता. कागदावर हिशेब केला तर ०.७ भागिले ०.०५ म्हणजे १४. चौदाव्या डिटेक्टरपर्यंत प्रवाह जातो आहे आणि पुढे नाही, असं उत्तर निघतं. मग पेटीने तेच का सांगू नये? कारण एखादा डिटेक्टर ०.०४ घेतो, एखादा ०.०६, आणि तापमानागणिक त्यातही फरक पडतो. चौदा जणांच्या अशा बारीक फरकांची बेरीज झाली की बारावा, चौदावा की सोळावा, हे ठरवता येत नाही. शिवाय चौदावा म्हणजे कोणत्या खोलीतला, हेही माहीत हवं. इलेक्ट्रिशियनने वायर त्याला सोयीच्या वाटेने फिरवलेली असते. खोली क्रमांक ३०१ नंतर ती ३०२ मध्येच जाईल याची खात्री नसते.

म्हणून जुन्या पेटीवर बिघाड शोधायचा तर लाइन अर्धी करत जावं लागतं. वायरीचा क्रम ठाऊक असेल तर दहाव्या बेसपाशी पुढची वायर सोडवायची आणि तिथेच तात्पुरता रेझिस्टर लावायचा. फॉल्ट गेला, तर दहापर्यंत सगळं नीट आहे, दोष पुढच्या दहांत. मग पंधराव्यापाशी तेच. वीस डिटेक्टर असतील तर जास्तीत जास्त पाच वेळा शिडी लावून उत्तर मिळायला हवं. पण आमचा फॉल्ट तासा-दीडतासाचा पाहुणा होता. शिडी दुसऱ्या खोलीत न्यावी तोवर पेटी खालून शांत व्हायची, आणि रेझिस्टर लावल्यामुळे फॉल्ट गेला की आपोआप गेला, हे कळायला मार्ग नसायचा.

दोष अखेर चौदाव्या बेसमध्ये निघाला. या बेसमध्ये पितळी पट्ट्या असतात. डिटेक्टर फिरवून बसवला की त्याच्या पाठीवरच्या पट्ट्या त्यांना टेकतात आणि आलेली वायर डिटेक्टरमधूनच पुढच्या वायरीला जोडली जाते. ही मांडणी मुद्दाम केलेली असते, कुणी डिटेक्टर काढला तर लाइन तुटावी आणि पेटीला कळावं म्हणून. त्या बेसची एक पट्टी सैल झाली होती. गच्चीचा स्लॅब दुपारी तापला की प्लास्टिक किंचित पसरायचं आणि पट्टी सुटायची. ऊन उतरलं की पुन्हा टेकायची. पाच मिनिटांत बेस बदलला. मात्र एक गोष्ट मला त्या दिवशी नीट उमगली. रोज तो दीड तास चौदाव्याच्या पलीकडचे सहाही डिटेक्टर वीज नसल्याने निपचित होते. तिथे त्या वेळी आग लागली असती, तर पेटीला काहीच कळलं नसतं.

नवी पेटी एवढ्याशा प्रवाहावर समाधान मानत नाही, ती हजेरी घेते. शाळेतलं दृश्य आठवा. गुरुजी वर्गाबाहेर उभे असतील तर आतल्या गलबल्यावरून वर्ग भरलेला आहे की नाही एवढंच कळेल. पण पट उघडून एकेक क्रमांक पुकारला, तर ‘हजर’ न म्हणणारा क्रमांकही तेवढाच स्पष्ट कळतो. हजेरीत गप्प राहणाऱ्यालाही क्रमांक असतो. अॅड्रेसेबल पेटीची सगळी करामत या एका गोष्टीत आहे.

दोन वायरींवर हे पुकारणं चालतं कसं, ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. पेटी बोलते व्होल्टेजमधून. वायरीवरचा दाब ती झटपट वर-खाली करते आणि त्या चढउतारांत क्रमांक गुंफते. सगळी उपकरणं त्याच दोन वायरींवर असल्याने पुकारा सगळ्यांनाच ऐकू येतो. उत्तर देणारा मात्र प्रवाहातून बोलतो. ज्याचा क्रमांक पुकारला तेवढाच डिटेक्टर त्या क्षणी ठरावीक अंतराने प्रवाहाचे छोटे ठोके ओढतो, बाकीचे गप्प असतात. पेटी ते ठोके मोजते. त्या क्षणी आलेला ठोका दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही, कारण वेळ त्याचीच होती. म्हणजे तार एकच असली तरी वेळ वाटून दिलेली आहे. वायरीवर खूण नाही, खूण वेळेत आहे. काही सेकंदांत अख्ख्या इमारतीची एक फेरी होते आणि पेटी पुन्हा एकपासून सुरू करते, रात्रंदिवस.

क्रमांक देण्याची रीतही हात लावून पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या अपोलो कंपनीची एक्सपी-९५ ही डिटेक्टरांची मालिका घ्या. तिच्या एका लूपवर १२६ उपकरणं बसतात. प्रत्येक बेसमध्ये एक लहानसं प्लास्टिकचं कार्ड सरकवायचं असतं. त्यावर सात बोंडं असतात. कोणती ठेवायची आणि कोणती तोडायची, यावरून सात स्थानांची द्विमान संख्या तयार होते. ४७ म्हणजे ३२ अधिक ८ अधिक ४ अधिक २ अधिक १. डिटेक्टर बेसमध्ये फिरवून बसवला की त्या बोंडांचा स्पर्श होऊन त्याला आपला क्रमांक कळतो. इतर काही कंपन्यांच्या डिटेक्टरला पाठीवर दोन छोट्या चकत्या असतात, एक दशकासाठी आणि एक एककासाठी. त्या पेचकसाने फिरवायच्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर माझ्या दुपारकडे येऊ. ४७ पुकारला, उत्तर नाही. एखादा पुकारा गोंगाटात हरवू शकतो म्हणून पेटी आणखी काही फेऱ्या वाट पाहते आणि मगच `NO RESPONSE` लिहिते. सोबत घडल्याची वेळही नोंदते. पट्टी पुन्हा टेकली की तीही वेळ नोंदली जाते. मी पोहोचण्याआधी फॉल्ट गेला असता तरी नोंद राहिली असती. मागे त्या चार दुपारी अशी नोंद असती, तर रोज अडीचला जाणं आणि चारला येणं, एवढं वाचूनच स्लॅबच्या उन्हाचा संशय आला असता. आणखी एक फरक मोलाचा आहे. या बेसमध्ये आलेली आणि गेलेली वायर एकाच स्क्रूखाली असते, डिटेक्टरमधून जात नाही. म्हणून ४७ गप्प झाला तरी ४८ आणि त्यापुढचे सगळे जागे होते.

पण गप्प राहणंही एकाच तऱ्हेचं नसतं, आणि मुरलेला माणूस त्यातून बरंच वाचतो. एकच क्रमांक गप्प असेल, तर दोष त्या डिटेक्टरमध्ये किंवा त्याच्या बेसमध्ये. रंगकाम करणाऱ्याने काढून खिडकीत ठेवला असेल, हीदेखील नेहमीची शक्यता.

कुणीच गप्प नाही आणि तरी पेटी म्हणते आहे लूप तुटला, असंही होतं. ही वायर पेटीतून निघून सगळी इमारत फिरून पेटीतच परत येते, म्हणून तिला लूप म्हणायचं. पन्नास आणि एक्कावन्नच्या मध्ये ती तुटली, तर पेटी दुसऱ्या टोकानेही वीज सोडते. मग १ ते ५० एका बाजूने उत्तर देतात आणि ५१ पासूनचे दुसऱ्या बाजूने. प्रत्येक बाजूने कुणापर्यंत आवाज पोहोचतो हे पाहिलं की तुटलेली जागा दोन शेजाऱ्यांमध्ये सापडते. एकही डिटेक्टर बंद न पडता वायरीतली तूट कळते. जुन्या पेटीवर ज्यांनी शिडी फिरवली आहे, त्यांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

आणि एका ओळीतले दहा-पंधरा एकदम गप्प झाले, तर तो बहुधा शॉर्ट. दोन वायरी एकत्र आल्या तर लूपचा सगळा दाबच बसेल आणि कुणालाही काही ऐकू येणार नाही. ते होऊ नये म्हणून लूपमध्ये मधूनमधून आयसोलेटर बसवतात. शॉर्ट झाला की त्याच्या दोन्ही बाजूंचे आयसोलेटर उघडतात, मधला तुकडा बाजूला काढतात आणि उरलेला लूप दोन्ही टोकांनी चालू राहतो. इथे पेटीची बोट ठेवण्याची ताकद थोडी कमी होते. ती तुकडा सांगते, जागा नाही. त्या तुकड्यात पुन्हा मल्टीमीटर आणि शिडी. आयसोलेटर जितके जास्त, तितका तुकडा लहान. प्रत्येक डिटेक्टरमध्येच आयसोलेटर असलेली मॉडेलंही मिळतात. पैसे असतील तर ते इथे घालावेत असं माझं मत आहे.

इथवर हजेरीपुरतं झालं. ‘हजर’ म्हणताना डिटेक्टर आणखी एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे त्याची तब्येत. धुराच्या डिटेक्टरच्या पोटात एक काळोखी डबी असते. तिच्यात अवरक्त किरणांचा एक बारीक दिवा आणि एक डोळा असतो. दोघे अशा कोनात बसवलेले की दिव्याचा उजेड डोळ्यावर थेट पडत नाही. धुराचे कण आत आले की उजेड विखुरतो आणि त्यातला थोडा डोळ्याला दिसतो. जुना डिटेक्टर हे पाहून स्वतःच ‘आग’ किंवा ‘नाही’ ठरवतो. नवा डिटेक्टर निर्णय न घेता किती उजेड दिसला याचा आकडा पाठवतो आणि ठरवते पेटी. एक्सपी-९५ मध्ये स्वच्छ हवेत हा आकडा २५ च्या जवळपास असतो. ४५ ला पूर्वसूचना, ५५ ला आग. शून्याकडे घसरला तर डबीच बिघडली.

आता धूळ विचारात घ्या. ती डबीत साचत जाते आणि तिच्यावरूनही उजेड विखुरतो. चादरींच्या खोलीतले कापसाचे तंतू तर हमखास आत जातात. जुन्या पेटीला याचा सुगावा लागत नाही. डिटेक्टर महिनोन्‌महिने हळवा होत जातो आणि एका रात्री उगाच घंटा वाजते. चारशे मुली जिना उतरून मैदानात येतात, आग कुठेच नसते. असं दोन-तीनदा झालं की चौथ्या वेळी कुणी उठत नाही. नव्या पेटीवर मात्र आकडा २५ वरून २८, मग ३१, मग ३४ असा चढताना दिसतो. धूर मिनिटांत चढतो, धूळ महिन्यांत, म्हणून वेगावरून दोन्ही ओळखता येतात. बऱ्याच पेट्या किंवा डिटेक्टर ही हळू चढण वजा करत राहतात, आणि वजा करण्याची सीमा संपत आली की स्वच्छ करायला सांगतात. घंटा उगाच वाजण्याच्या कितीतरी आधी कोणता डिटेक्टर मळला आहे त्याचा क्रमांक कळतो.

आता जिथे ही पेटी फसते, तेही सांगितलं पाहिजे. पहिली गोष्ट, पेटीला खोली ठाऊक नसते. तिला फक्त ४७ ठाऊक असतं. ४७ म्हणजे चादरींची खोली, हे कुणीतरी टाइप केलेलं असतं. मधल्या काळात भिंत पाडून तिथे अभ्यासिका झाली आणि मजकूर बदलला नाही, तर पेटी पूर्ण खात्रीने चुकीच्या दारात पाठवते.

दुसरी गोष्ट त्या चकत्यांची. साफसफाईसाठी दहा डिटेक्टर एका बादलीत काढले आणि परत बसवताना अदलाबदल झाली, तर ज्यांचा क्रमांक पाठीवरच्या चकत्यांत असतो ते आपला क्रमांक सोबत घेऊन दुसऱ्या खोलीत जातात. सगळे हजर, पेटी शांत, आणि इमारतीचा नकाशा मात्र खोटा झालेला. कार्ड बेसमध्ये असेल तर ही चूक होत नाही, कारण क्रमांक खोलीतच राहतो. दोघांना चुकून एकच क्रमांक दिला, तर दोघेही एकाच वेळी ठोके ओढतात आणि उत्तर गुंतागुंतीचं होतं. चांगल्या पेट्या दुहेरी क्रमांक असा संशय दाखवतात. पण दोन्ही अगदी सारखी उत्तरं देत असले, तर हे सुटूनही जातं. म्हणून बसवल्यावर पेटीवरची एकूण संख्या आणि छतावर मोजलेली संख्या जुळवून पाहायची. मी हे आजही बोटांवर मोजून करतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी चढवतात, आत रंग आणि धूळ जाऊ नये म्हणून. काम झाल्यावर ती काढायची राहिली, तर तो डिटेक्टर प्रत्येक हजेरीला उत्तर देतो. आकडा २५, तब्येत उत्तम. आत हवाच जात नाही, म्हणून धूळ नाही आणि धूरही नाही. पेटीच्या पटावर सगळ्यांत गुणी विद्यार्थी तोच. हे हजेरीत कधीच सापडत नाही. त्यासाठी काठीला लावलेल्या डब्यातून चाचणीचा धूर प्रत्येक डिटेक्टरपाशी न्यावा लागतो आणि पेटीवर त्याचाच क्रमांक उमटला ना, हे खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने वाचावं लागतं. क्रमांकांची अदलाबदल आणि चुकीचं नाव, तेही या एकाच चाचणीत उघडं पडतं.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंध व जीवसुरक्षा उपाययोजना अधिनियमाखाली इमारतीतली यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीत किंवा वसतिगृहात ते काम चालू असेल तेव्हा खाली पेटीपाशी थोडा वेळ उभे राहा. वर धूर दिला की पडद्यावरचा क्रमांक आणि खोलीचं नाव वहीत उतरवा. जुनी झोनची पेटी असेल तर रखवालदाराला एवढं सांगून ठेवा की घंटा वाजल्यावर रीसेटचं बटण दाबण्याआधी त्या मजल्यावर जाऊन कोणत्या डिटेक्टरचा लाल दिवा पेटला आहे ते पाहायचं. तो दिवा रीसेटबरोबर विझतो, आणि त्या पेटीपाशी दुसरी आठवण नसते.